पाणीपट्टीचा स्वस्त टप्पा नक्की कोणाच्या पदरात पडतो? (मीटर दरांचा मसुदा, मत हवे)

नळजोड
किनाऱ्यावरची छोटी नगरपंचायत आहे. आतापर्यंत अर्धा इंची जोडणीला वर्षाची ठोक पाणीपट्टी होती. आता सगळीकडे मीटर लागलेत आणि दर ठरवायचे आहेत. समितीचा मसुदा खाली देतो. आकडे गोल केलेत. युनिट म्हणजे हजार लिटर.

जोडण्या ४,०००. त्यात ३०० बिगरघरगुती (हॉटेल, लॉज, होम-स्टे, बर्फ कारखाना, दुकाने). घरगुती ३,७००, पण त्या एकसारख्या नाहीत. २,१०० घरे वर्षभर आमच्याच पाण्यावर आहेत आणि महिन्याला सरासरी १३ युनिट वापरतात. ७०० घरांना स्वतःची विहीर आहे. ती घरे जानेवारी ते मे असे पाच महिने महिन्याला १२ युनिटच्या आसपास घेतात, एरवी जवळजवळ शून्य. ९०० घरे बंद असतात. मे महिन्यात आणि गणपतीत उघडतात, वर्षाला मिळून १५ युनिट.

वर्षाचा खर्च २०० लाख. वीज ४९ (त्यातले ७ मागणी आकाराचे), धरणाच्या कच्च्या पाण्याचे ८, तुरटी-क्लोरीन ७, पगार ७०, दुरुस्ती ४१, पंप आणि जुन्या वाहिन्या बदलण्यासाठी बाजूला २५. उपसा वर्षाला ८ लाख युनिट, बिलात येतात ५.२ लाख.

प्रस्तावित दर असे: घरगुती पहिले १० युनिट १० रुपयांनी, पुढचे १० युनिट १८ ने, त्यापुढे ३० ने. बिगरघरगुती सरसकट ६०. स्थिर आकार नाही. यातून १२७ लाख येतात, ७३ लाखांची तूट राहते. समितीचं म्हणणं, घरगुतीला हात लावायचा नाही, बिगरघरगुती ११० करा म्हणजे तूट जवळजवळ भरते. हे टिकेल का?

सड्यावरचा
टिकेल की. हॉटेलवाले मे महिन्यात खोलीचा भाव दुप्पट करतात, त्यांना ११० काय जड आहे? पाण्याचा पैसा ते पर्यटकाकडूनच काढणार. आणि घरगुतीला उलट दिल्लीसारखं करा, महिन्याला २० हजार लिटर फुकट. गरिबाला पाणी फुकटच हवं.

पंपघर
आधी एक दुरुस्ती. समितीच्या टिपणीत 'पाण्याचा खर्च २५ रुपये' असं असेल, तर तो उपशावर काढलेला आहे. २०० लाख भागिले ८ लाख. पण पैसे मिळतात ते बिलात आलेल्या ५.२ लाख युनिटवर, म्हणजे साडेअडतीस रुपये. मधला फरक गळती, बंद पडलेले मीटर आणि बेकायदा जोडण्यांचा. केंद्राने २००८ मध्ये ठरवलेल्या सेवा मानकांत हे हिशेबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांवर आणायचं आहे, तुमच्याकडे ३५ आहे. म्हणून ३८ रुपये पूर्ण वसूल करा असं मी म्हणणार नाही. गळतीचं ओझं किती काळ ग्राहकावर टाकायचं हा वेगळा ठराव व्हायला हवा. पण २५ रुपये मनात धरून दर बांधलात, तर पहिल्याच वर्षी फसाल.

आता ११० बद्दल. हॉटेलवाला तुमच्या दराची तुलना पर्यटकाच्या बिलाशी करत नाही, स्वतःच्या बोअरशी करतो. साठ मीटर उंचीवर पाणी चढवायला हजार लिटरला विजेचं साधारण अर्धं युनिट लागतं, म्हणजे बोअरचा चालू खर्च चार-सहा रुपये. खोदाई-पंपाचा खर्च धरला तरी ११० च्या जवळपास जात नाही. ज्याच्या बोअरला गोडं पाणी आहे तो निघून जाईल. खारं लागलेला, म्हणजे अगदी पुळणीवरचा, तेवढा तुमच्याकडे राहील, कारण त्याला दुसरा पर्याय टँकरचा, आणि तो तुमच्या ११० पेक्षाही महाग पडतो.

एक युनिट विक्री गेली तर तुमचा वाचतो किती? फक्त वीज, कच्चं पाणी आणि औषधं. विजेचा मागणी आकार पंप चालो न चालो भरावाच लागतो, तो वगळून ५७ लाख भागिले ८ लाख, सात रुपये. पगार आणि दुरुस्ती तशीच राहते. म्हणजे ६० च्या दराला एका युनिटमागे हाताशी ५३ उरतात, ११० ला १०३. हॉटेलांचं निम्मं पाणी सुटलं की वाढवलेला सगळा फायदा संपला आणि तुम्ही परत ७३ लाखांच्या तुटीवर. पहिल्या वर्षी आकडे छान दिसतील, कारण बोअर मारायला आणि जोडणी तोडायला वेळ लागतो. खरा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात दिसतो. तेव्हा कोणी दराला दोष देत नाही, 'पर्यटन घसरलं' म्हणतात.

नळजोड
तो निघून गेलेला ओळखायचा कसा? जोडणी तर कोणी तोडत नाही.

पंपघर
नाही तोडत. म्हणून जोडण्यांची संख्या बघू नका, प्रत्येक हॉटेलचं मे महिन्याचं रीडिंग सलग तीन वर्षं एका ओळीत लिहा. मे मध्ये खोल्या भरलेल्या आणि रीडिंग मात्र पावसाळ्याइतकंच, तर बोअर सुरू झालेली आहे. जोडणी फक्त आणीबाणीसाठी ठेवली आहे. पंप बिघडला की त्याच दिवशी ते नळ उघडणार, आणि तुमच्या टाकीला ती मागणी पुरवावी लागणार. त्याची किंमत मसुद्यात कुठेच नाही.

तळकोकणी
तुमी दराचा बोलतास, आमच्या वाडीत एप्रिलात पाणीच येणां नाय. दोन दिसांनी एकदा, ता पण रातचा. आधी पाणी देवा, मगे दर वाढवा.

नळजोड
दादा, तक्रार रास्त आहे, पण हा धागा दर कसे आखायचे यावर आहे. वाडीच्या वेळापत्रकाचा वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

पंपघर
अहो, ते अगदी वेगळं नाही. दोन दिवसांनी पाणी येणाऱ्या वाडीत मीटर नुसता पाणी मोजत नाही, हवाही मोजतो. रिकामी वाहिनी भरताना आतली हवा नळातून बाहेर पडते आणि मीटरचा काटा जोरात फिरतो. उंचावरच्या शेवटच्या घरांना हे सर्वांत जास्त. त्या वाहिनीच्या उंच टोकाला हवा सोडायचा व्हॉल्व्ह आहे का बघा, आणि असल्यास तो गंजून अडकलेला नाही ना तेही. तळकोकणींच्या वाडीत प्रति युनिट दर लावण्याआधी हे तपासावं लागेल, नाहीतर कमी पाणी मिळणाऱ्याला बिल जास्त येईल आणि वसुली तिथेच अडेल.

तळकोकणी
व्हॉल्व्ह आसा, पण झाकणावर माती. कोणी उघडल्यान नाय कधी.

सड्यावरचा
ठीक, हॉटेलचं पटलं अर्धंमुर्धं. पण २० हजार लिटर फुकटला कोणी काही बोललं नाही.

खतावणी
मी बोलते. दिल्लीत २० हजार लिटर ओलांडलं की फक्त वरच्या पाण्याचे नाही, सगळ्याच पाण्याचे पैसे पडतात. म्हणजे १९.९ ला शून्य आणि २०.१ ला पूर्ण बिल. अशा कड्यावर काय होतं हे कुठल्याही मीटर रीडरला विचारा, रीडिंगं एकोणिसावर येऊन गोळा होतात. तुमच्याकडे तर सरासरीच १३ आहे. २० फुकट केलेत तर घरगुतीतून येणारा पैसा जवळजवळ संपतोच.

पण मला मसुद्यात वेगळंच खटकलं. पहिला टप्पा गरिबासाठी म्हणून १० रुपयांना ठेवलाय. तो कोणाला मिळतो ते बघा. बंद घर मे महिन्यात ८ आणि गणपतीत ७ युनिट घेतं, सगळं पहिल्या टप्प्यात. वर्षाचं बिल १५० रुपये. बंगल्यातलं एक कुटुंब महिन्याला १३ युनिट घेतं, बिल १५४, म्हणजे युनिटला बारा रुपयेही नाहीत. आणि बाजारपेठेतल्या जुन्या चाळीत एका नळावर चार कुटुंबं, प्रत्येकी १० युनिट, मिळून ४०. बिल १०० अधिक १८० अधिक ६००, एकूण ८८०. कुटुंबाला २२०, म्हणजे युनिटला २२ रुपये. सगळ्यात कमी पाणी वापरणारा माणूस सगळ्यात महाग दर भरतोय आणि सवलत मुंबईच्या कुलुपाला मिळतेय. मीटर माणसं मोजत नाही, जोडणी मोजतो. त्यामुळे वाढते टप्पे एकट्या घराला गरीब समजतात आणि चाळीला श्रीमंत.

बंद घराची चावी
'मुंबईचं कुलूप' आम्हीच बरं का. वर्षातून पंधरा-वीस दिवस येतो, त्यात पाणी किती वापरणार? मी वापरतच नाही ते पाणी, मग सवलत कसली घेतली? उलट माझ्यामुळे अकरा महिने तुमचा खर्च वाचतो.

पंपघर
खर्च वाचतो, पण किती ते वर आलंय, युनिटला सात रुपये. बाकी खर्च जोडणीचा आहे, पाण्याचा नाही. २०० पैकी ५७ सोडले तर १४३ लाख राहतात. ४,००० जोडण्यांवर वाटले तर जोडणीला महिन्याला जवळजवळ ३०० रुपये, नळ उघडा की बंद. त्यात तुमची मागणी नेमकी मे मध्ये येते, धरण तळाला गेलेलं असतं आणि हॉटेलंही भरलेली असतात तेव्हा. टाकी, पंप आणि वाहिनीची जाडी त्या पंधरा दिवसांसाठीच ठरते. वर्षभर राहणारा माणूस तुमच्या त्या पंधरा दिवसांची यंत्रणा पोसतो.

अर्थात ३०० रुपये स्थिर आकार लावा असंही मी सांगत नाही. पिवळ्या शिधापत्रिकेच्या घराला तो पाण्याआधीच जड होईल. शिवाय सगळं स्थिर केलं तर नळ उघडा टाकणाऱ्याला काही फरकच पडत नाही.

खतावणी
म्हणून मधला मार्ग आकडे घालून पाहिला.

घरगुती स्थिर आकार महिन्याला १००, बंद घर असो की उघडं. ३,७०० जोडण्यांचे ४४ लाख. बिगरघरगुतीला मीटरच्या आकाराप्रमाणे, सरासरी ४००, म्हणजे १४ लाखांवर. मग घरगुती पाणी पहिले ८ युनिट १५ ने आणि त्यापुढे २४ ने, पण ८ चा टप्पा दर चुलीमागे, जोडणीमागे नव्हे. बिगरघरगुती ५०, म्हणजे मसुद्यापेक्षा कमी.

वर्षभराची घरं, १३ युनिटला २४० आणि स्थिर १००, महिन्याला ३४०. त्यांच्या नुसत्या पाण्याचे ६० लाख. विहीरवाल्यांच्या पाण्याचे साडेसात, बंद घरांचे दोन, बिगरघरगुतीचे साडेअडुसष्ट. सगळं मिळून १९७ लाख. तूट तीन लाखांच्या आत.

चाळीचं बघा. ४० युनिट, चार चुली, म्हणून ३२ युनिट १५ ने आणि ८ युनिट २४ ने, ६७२. स्थिर आकार एकाच जोडणीचा १००. कुटुंबाला १९३, आधी २२० होतं. बंद घराचं वर्षाचं बिल १५० वरून १,४२५ होतं. बंगल्याचं महिन्याचं १५४ वरून ३४०. ओरड तिथूनच येणार, आणि सभेत बंगल्यातलेच बसतात, हे धरून चला.

बंद घराची चावी
दीडशेचे चौदाशे! मग मी जोडणी बंदच करून ठेवतो आणि मे मध्ये परत जोडून घेतो.

खतावणी
तुम्ही तोट्यात जाणार नाही, म्हणून सगळेच तसं करतील. पुनर्जोडणी ३०० रुपये ठेवली आणि वर्षातून दोनदा जोडलं, तर ६०० जातात. नळ दहा महिने बंद, १,००० वाचतात. नऊशे घरांनी असं केलं तर मे च्या पहिल्या आठवड्यात आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात नऊशे पुनर्जोडण्या, फिटर दोन. म्हणून उपविधीत असं हवं: तात्पुरती बंद जोडणी किमान १२ महिने बंदच राहील. त्याआधी जोडायची असेल तर मधल्या सगळ्या महिन्यांचा स्थिर आकार भरून. ज्याला खरंच पाच वर्षं यायचं नाही त्याला सूट मिळते, कुलूप उघड-बंद करणाऱ्याला मिळत नाही.

सड्यावरचा
चुली मोजणार कोण? उद्या बंगलेवालाही म्हणेल आमच्या दोन चुली, मुलगा वेगळा राहतो.

पंपघर
महावितरणचे मीटर मोजा. वेगळं राहणारं कुटुंब शक्यतो वेगळं वीज मीटर घेतंच. घरमालकाने दिलेल्या यादीवर विसंबू नका. चाळीत भाडेकरूची शिधापत्रिका गावच्या पत्त्यावर असते, म्हणून शिधापत्रिकेने चूल मोजली तर भाडेकरूच बाहेर पडतो. वीज मीटरने बहुतेक चाळी सुटतात. एकाच वीज मीटरवर चार खोल्या चालवणारा मालक मात्र सुटत नाही, तिथे प्रत्यक्ष पाहणीच करावी लागेल.

अजून एक, बिलाच्या दिवसांचं. रीडिंग दोन महिन्यांनी घेणार असाल तर टप्पाही दोन महिन्यांचा, १६. पण रीडर पावसात आठ-दहा दिवस उशिरा पोचतो. सत्तर दिवसांच्या वापराला साठ दिवसांचा टप्पा लावला की माणूस काही जास्त न वापरता महाग टप्प्यात जातो. टप्पा दिवसांनी मोजा:

```
टप्पा = 8 × चुली × (रीडिंगमधले दिवस ÷ 30)
```

बिल छापणाऱ्या प्रणालीत हे आधी घालून घ्या. नंतर घालायला गेलात तर 'उपलब्ध नाही' असं उत्तर येतं.

नळजोड
चालेल. मग पिवळ्या कार्डवाल्यांचं? ३४० तेरा युनिटला, ज्याची मिळकत दहा हजार आहे त्याला तीन टक्क्यांवर जातंय. नेहमी धरतात त्या पाच टक्क्यांच्या मर्यादेच्या आत आहे, पण सभेत कोणी ऐकणार नाही.

खतावणी
तिथे दराला हात लावू नका, स्थिर आकार माफ करा. ५०० घरं धरली तर वर्षाला ६ लाख. ते पाणीपुरवठ्याच्या खात्यातून गप्प सोडायचे नाहीत, नगरपंचायतीच्या सामान्य निधीतून पाणी खात्यात वर्ग करायचे आणि अर्थसंकल्पात वेगळी ओळ दाखवायची. दर कमी ठेवला की सवलत सगळ्यांना मिळते आणि तिचा आकडा कोणालाच दिसत नाही. ओळ दाखवली की किती जणांना दिली ते सभेला दिसतं. अर्थात दोन-तीन वर्षांनी निधी वर्ग करायचं हळूच थांबतं, ही भीती आहेच.

सड्यावरचा
विहीरवाले सुटले की. सात महिने स्वतःचं पाणी, आणि धरण आटलं की नळ.

पंपघर
सुटले नाहीत, पण अर्धेच आले. आता वर्षाला १,२०० स्थिर आणि पाच महिन्यांच्या पाण्याचे १,०८०, म्हणजे २,२८०. आधी ६८० होते. तरी त्यांचं पाणी सगळं टंचाईच्या महिन्यांतलं. टंचाईत युनिट दर वेगळा ठेवावा का, यावर माझं मत पक्कं नाही. बिगरघरगुतीला मार्च ते मे ५० ऐवजी ६० लावता येईल, हॉटेलची कमाईही तेव्हाच असते. पण घरगुतीला हंगामी दर लावला की वर्षभर राहणाऱ्यालाही बसतो, ज्याच्याकडे विहीर नाही त्यालाच जास्त.

खतावणी
मी विरोधात. रीडिंग दोन महिन्यांचं असेल तर मार्च-एप्रिल एका बिलात आणि मे-जून दुसऱ्या बिलात. जूनचं पावसाळ्यातलं पाणी मे च्या दराने मोजलं जाईल. हंगामी दर हवा असेल तर आधी त्या तीन महिन्यांत रीडिंग दर महिन्याला घ्या. त्याला रीडर लागतात.

पंपघर
बरोबर. आणि सरासरीवरून स्लॅबचं उत्पन्न काढू नका, नळजोड. १३ सरासरीत निम्मी घरं ८ ला आणि निम्मी १८ ला असतील, तर जुन्या मसुद्यात घरामागे १५४ नाही, १६२ येतात. फरक लहान वाटतो, पण २,१०० घरांवर वर्षाला दोन लाख. गेल्या वर्षीची खरी रीडिंगं एकेक घेऊन मसुदा चालवा. बंद मीटरची घरं त्यातून वेगळी काढा. त्यांना सरासरीने बिल जातं, आणि सरासरी खऱ्या वापरापेक्षा कमी पडली की मीटर वर्षानुवर्षं बंदच राहतो. दोन बिलांनंतर सरासरीच्या दीडपट असं ठेवलं तर दुरुस्तीचा अर्ज स्वतःहून येतो.

बंद घराची चावी
आणि माझ्या मीटरचं काय? सहा महिने पाणी नाही, खारी हवा. गेल्या मे मध्ये काटा हललाच नाही.

पंपघर
मग तुमचंही बिल सरासरीने जाईल. बंद घरांची सरासरी कशी काढायची, हा खरंच प्रश्न आहे. मागची तीन रीडिंगं घेतली तर त्यातली दोन शून्य असतात. मागच्या वर्षीचं त्याच महिन्यांचं रीडिंग धरा असं माझं मत, पण पहिल्या वर्षी ते नसतंच.

नळजोड
पहिल्या वर्षी बंद घरांना ८ आणि ७ असे ठोक युनिट धरतो, मे आणि भाद्रपदाच्या बिलात. खरी रीडिंगं घालून मसुदा पुन्हा चालवला की तक्ता इथे टाकतो. चुलींच्या यादीसाठी महावितरणकडून मीटरची गल्लीवार संख्या मागतोय. ग्राहकांची नावं न देता नुसती संख्या कोणी मिळवली असेल, तर अर्जाचा नमुना द्या.